तराजू आधी रिकामा धरून दाखवा

ऑक्टोबर २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात क्रिस्टिन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन आरोग्यसेवा संस्थांच्या ६५ वर्षांवरील सदस्यांची दहा हिवाळ्यांतली माहिती त्यांनी एकत्र केली होती. एक माणूस आणि एक हिवाळा अशी एक नोंद धरली, तर अशा सात लाखांहून अधिक नोंदी. फ्लूची लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केल्यावर दिसले ते असे : लस घेतलेल्यांत फ्लू किंवा न्यूमोनियासाठी इस्पितळात दाखल होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी, आणि कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी. दुसरा आकडा जरा थांबून वाचण्याजोगा आहे. शरद ऋतूत दंडावर घेतलेली एक सुई त्या हिवाळ्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू टाळते, असा त्याचा अर्थ होतो. हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात, सगळी कारणे धरून.

इथे चिठ्ठ्या टाकून कोणाला लस दिलेली नव्हती. ज्यांनी आपणहून घेतली आणि ज्यांनी घेतली नाही, त्यांची तुलना होती. अशा अभ्यासावर पहिला आक्षेप काय येणार हे लेखकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी वय, लिंग, आधीचे आजार, वर्षभरातल्या डॉक्टरांच्या भेटी अशा गोष्टींचा हिशेब करून आकडे समायोजित केले. त्यापुढे आणखी तपासण्या केल्या. वेगवेगळ्या वयोगटांत निकाल बदलतो का? जास्त आणि कमी जोखमीच्या माणसांत बदलतो का? फारसा बदलत नाही, असे उत्तर आले. शेवटी, आपल्या नोंदींत नसलेला एखादा छुपा घटक फरक पाडत असेल तर काय, असे गृहीत धरून त्यांनी गणित पुन्हा मांडले. लसीचा परिणाम घटला, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला. निष्कर्षाला असे निरनिराळ्या बाजूंनी धक्के देऊन पाहण्याला संशोधक सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस किंवा रोबस्टनेस चेक म्हणतात. आज वैद्यक, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांतला क्वचितच एखादा आकडेवारीचा लेख त्यांच्याशिवाय छापला जातो. पुरवणी भागात त्यांची वीस-पंचवीस कोष्टके असतात आणि मूळ लेखात एक वाक्य असते : आमचे निष्कर्ष या सर्व तपासण्यांत टिकून राहिले. या वाक्याचे वजन किती धरायचे, हा प्रश्न आहे. निकोल यांचा अभ्यास त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याच प्रश्नावर, तशाच माणसांवर, अगदी वेगळ्या प्रकारची तपासणी दुसऱ्या एका गटाने केली होती आणि तिचा निकाल आपल्यासमोर आहे.

पण आधी साध्या अंकगणिताकडे पाहू. लोन सिमोन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या मृत्युनोंदी तपासल्या. फ्लूची साथ असताना नेहमीपेक्षा किती जास्त माणसे मरतात, हा फरक त्यांनी काढला. साथ कितीही तीव्र असली तरी वृद्धांच्या हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंपैकी दहा टक्क्यांहून अधिक मृत्यू फ्लूच्या नावावर टाकता येत नव्हते, आणि बऱ्याच वर्षी त्याहूनही खूप कमी. फ्लू जेवढी माणसे मारतो त्याहून जास्त माणसे फ्लूची लस वाचवू शकत नाही. लस शंभर टक्के गुणकारी असती तरी एकूण मृत्यूंतली घट दहा टक्क्यांच्या आत राहायला हवी होती. मग ४८ कुठून आले? कोणी म्हणेल, फ्लूने हृदयविकाराचा झटका येतो आणि दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिले जाते, त्यामुळे फ्लूचे मृत्यू कमी मोजले जातात. आक्षेप रास्त आहे, पण सिमोन्सेन यांच्या पद्धतीला तो लागत नाही, कारण त्यांनी दाखल्यावरचे कारण पाहून फ्लूचे मृत्यू मोजलेच नव्हते. सर्व कारणांचे मृत्यू साथीच्या काळात किती वाढतात हे पाहिले होते, आणि त्या वाढीत असे झटकेही आपोआप येतात. याला जोडून दुसरी गोष्ट. १९८० पूर्वी अमेरिकेतल्या सुमारे १५ टक्के वृद्धांना लस मिळत होती, २००१ मध्ये ६५ टक्क्यांना. लस खरोखर निम्मे मृत्यू टाळत असती, तर केवळ एवढ्या वाढीने हिवाळ्यातले मृत्यू चौथ्या हिश्शाहून अधिक उतरायला हवे होते. देशाच्या आकड्यांत तसे काही दिसले नाही.

तेव्हा ४८ मधला मोठा भाग लसीचा नाही, हे स्पष्ट होते. तो कशाचा असावा, याचा अंदाजही अनेकांना होता. अंथरुणाला खिळलेला, खंगत चाललेला, शेवटचे काही महिने उरलेला माणूस लस घ्यायला जात नाही. त्याला नेणारे कोणी नसते, किंवा डॉक्टर आणि घरचे ठरवतात की आता आणखी एक सुई कशाला. असा माणूस लस न घेतलेल्यांच्या गटात जातो आणि त्याच हिवाळ्यात मरतो. फ्लूने नव्हे, ज्या कारणाने मरणार होता त्याच कारणाने. लस घेतलेल्यांच्या गटात मात्र स्वतःच्या पायांनी दवाखान्यापर्यंत येऊ शकणारी माणसे जमतात. हे खंगलेपण संगणकातल्या निदानांच्या यादीत नीट उतरत नाही. ‘मधुमेह’ अशी नोंद असते. त्याच मधुमेहाचा एक रोगी रोज सकाळी फिरायला जातो आणि दुसऱ्याला आंघोळीला माणूस लागतो, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

हा संशय मनात धरून निकोल यांच्या तपासण्यांकडे पुन्हा पाहा. वेगवेगळ्या वयोगटांत निकाल सारखाच आला. पण खंगलेली माणसे लस घेत नाहीत ही गोष्ट ६५ ते ७४ वयाच्यांनाही लागू आहे आणि ८५ च्या पुढच्यांनाही. दहा हिवाळे आणि तीन संस्था मिळून अठरा गट होते. दहाही हिवाळ्यांत आणि तिन्ही संस्थांत मरणासन्न माणूस लसीच्या रांगेत नव्हताच. जास्त जोखमीचे आणि कमी जोखमीचे असे भाग पाडले, तर दोन्ही भागांत हीच निवड चालू होती. म्हणजे संशय खरा असता तरी या सर्व तपासण्यांचा निकाल असाच आला असता, आणि खोटा असता तरी असाच आला असता. पासंग असलेल्या तराजूवर कांदे, बटाटे आणि टोमॅटो पाळीपाळीने तोलले आणि दरवेळी माल भरपूर भरला, तर त्यातून तराजू खरा असल्याचे सिद्ध होत नाही. गिऱ्हाइकाला शंका असेल तर ते एकच मागणी करते : पारडी रिकामी करून तराजू धरा.

पारडी रिकामी करण्याचे काम सिॲटलमधल्या लिसा जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केले, म्हणजे निकोल यांचा लेख येण्याच्या वर्षभर आधी. त्यांच्याकडे ग्रुप हेल्थ या आरोग्यसेवा संस्थेच्या ६५ वर्षांवरील ७२,५२७ सदस्यांची आठ वर्षांची माहिती होती. त्यांनी प्रत्येक वर्षाचे तीन तुकडे केले : लस दिली गेली आहे पण फ्लूची साथ अजून सुरू व्हायची आहे असा काळ, प्रत्यक्ष साथीचा काळ, आणि साथ ओसरल्यानंतरचा काळ. पहिला तुकडा म्हणजे रिकामी पारडी. विषाणू गावात नाही, तेव्हा लस काहीही वाचवू शकत नाही. त्या काळात दोन्ही गटांचे मृत्यू सारखे निघायला हवेत. गुणोत्तराच्या भाषेत सांगायचे तर आकडा १ च्या आसपास यायला हवा.

आला ०.३९. लस घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका साथ सुरू होण्याआधीच ६१ टक्क्यांनी कमी होता. साथीच्या ऐन काळात गुणोत्तर ०.५६ होते, म्हणजे ४४ टक्के घट, आणि साथ संपल्यावर ०.७४. लसीचे ‘संरक्षण’ सर्वांत जास्त तेव्हा होते जेव्हा संरक्षण करण्याजोगे काहीच नव्हते, आणि ऐन साथीत ते त्याहून कमी दिसत होते. ०.५६ हा आकडा एकटाच पुढे ठेवला असता, तर निकोल यांच्या निष्कर्षाला मिळालेला तो भक्कम दुजोरा वाटला असता. शेजारी ०.३९ ठेवल्यावर त्याचा अर्थ पार बदलतो. एखाद्या शेरेबाज संपादकीयाने जे साधले नसते ते या एका जोडीने साधले.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते. जॅक्सन यांनी संगणकातल्या निदानांच्या नोंदी वापरून नेहमीप्रमाणे समायोजन केले, तेव्हा तिन्ही काळांतले आकडे १ च्या जवळ येण्याऐवजी आणखी दूर गेले. हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. ज्याला डॉक्टरांकडे वारंवार जाता येते त्याची निदाने जास्त नोंदवली जातात, आणि लसही तोच घेतो. कागदावर लस घेतलेला गट जास्त आजारी दिसतो. निकोल यांच्या माहितीतही जोखमीचे बहुतेक आजार लस घेतलेल्यांतच जास्त होते. आता समायोजनाचे सूत्र म्हणते, ‘हा गट जास्त आजारी असूनही कमी मरतो, म्हणजे लसीचा प्रभाव दिसतो त्याहून मोठा असणार.’ जे कागदावर आले ते एका दिशेला ओढत होते आणि जे आले नाही ते विरुद्ध दिशेला. अशा वेळी ‘आम्ही आणखी दहा घटकांसाठी समायोजन केले, निष्कर्ष टिकला’ हे वाक्य वाचकाला धीर देण्याऐवजी सावध करणारे ठरायला हवे. जॅक्सन यांच्या गटाने पुढे रुग्णांच्या मूळ फायली उघडून चालणे, आंघोळ करणे यांसारख्या दैनंदिन क्रियांना मदत लागते का हे पाहिले. तो घटक हिशेबात घेतल्यावर आकडे १ च्या दिशेने सरकले. समायोजनाने आकडे योग्य दिशेने हलण्यासाठी योग्य घटक हाती असावा लागतो. घटकांची संख्या वाढवून ते साधत नाही.

निकोल यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायला हवी. त्यांची शेवटची तपासणी, छुपा घटक गृहीत धरून केलेली, तत्त्वतः योग्य जागी हात घालणारी होती. नोंदीत नसलेल्या एखाद्या गोष्टीने हा निकाल घडवला असेल का, हाच खरा प्रश्न होता आणि तो त्यांनी विचारला. अडचण उत्तराच्या पद्धतीत आहे. गृहीत घटक केवढा मोठा धरायचा हे लेखकच ठरवतात. तो बेताचा धरला तर निष्कर्ष टिकतो, मोठा धरला तर कोसळतो. हे एका कल्पित उदाहरणाने तपासू. दहा हजार लस घेतलेले आणि दहा हजार न घेतलेले वृद्ध घ्या. धडधाकट माणसाचा त्या हिवाळ्यातला मृत्यूचा धोका शंभरात एक आणि खंगलेल्याचा शंभरात दहा असे माना. लस घेतलेल्यांत खंगलेले शंभरात तीन आणि न घेतलेल्यांत शंभरात पंधरा आहेत असे धरा. लस पूर्ण निरुपयोगी आहे, पाण्याची सुई आहे, असेही धरा. लस घेतलेल्यांत ९,७०० धडधाकटांपैकी ९७ मरतील आणि ३०० खंगलेल्यांपैकी ३०, एकूण १२७. न घेतलेल्यांत ८,५०० पैकी ८५ आणि १,५०० पैकी १५०, एकूण २३५. पाण्याच्या सुईने मृत्यू ४६ टक्क्यांनी घटलेले दिसतील. निकोल यांच्या ४८ पासून आपण दोन टक्क्यांवर आलो, आणि त्यासाठी काही अघटित गृहीत धरावे लागले नाही.

असे गणित केव्हा पटते याचे उत्तम उदाहरण यापूर्वीच घडलेले आहे. १९५० च्या दशकात धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दिसू लागला, तेव्हा संख्याशास्त्राचे महर्षी रोनाल्ड फिशर यांनी शंका काढली की सिगारेट ओढण्याची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच आनुवंशिक घटकातून येत असतील. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी या शंकेला उत्तर दिले, आणि ते देताना त्यांनी स्वतःच्या सोयीचा कोणताही आकडा गृहीत धरला नाही. त्यांनी गणित उलटे फिरवले. धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोगाचा धोका नऊपट आहे. तो सारा एखाद्या छुप्या घटकाचा प्रताप असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या किमान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कोणता, ते आक्षेप घेणाऱ्याने दाखवावे. एवढे मोठे आणि सिगारेटला एवढे घट्ट चिकटलेले काही आजवर कोणाला सापडलेले नाही. या उत्तराचे बळ त्याच्या रचनेत आहे. आकडा निष्कर्षाच्या आकारातून निघतो, तो लेखकांच्या हातात नसतो, आणि मग जगात तसे काही आहे का हे शोधण्याचे काम विषय जाणणाऱ्यांकडे जाते.

कॉर्नफिल्ड यांचाच धागा पुढे नेऊन टायलर व्हँडरवील आणि पेंग डिंग यांनी २०१७ मध्ये ‘ई-व्हॅल्यू’ नावाचा एक आकडा सुचवला. छुप्या घटकाचा एका बाजूला लसीशी आणि दुसऱ्या बाजूला मृत्यूशी किमान केवढा संबंध असेल तर संपूर्ण निकाल त्यानेच घडू शकेल, हे तो एका संख्येत सांगतो. निकोल यांच्या ४८ टक्क्यांसाठी तो साधारण ३.३ येतो. आजकाल अनेक लेख हा आकडा छापतात आणि लगेच पुढे म्हणतात की एवढा बलवान घटक असणे संभवत नाही. इथे तपासणी पुन्हा सजावट बनते. ३.३ मोठा की लहान हे त्या आकड्यात लिहिलेले नाही. सिगारेट आणि कर्करोगाच्या बाबतीत ३.३ पटीचा अज्ञात घटक शोधणे कठीण गेले असते. वृद्ध आणि लस यांच्या बाबतीत वरच्या कल्पित उदाहरणातले खंगलेपण मृत्यूच्या बाजूने दहापट आणि लसीच्या बाजूने पाचपट आहे. दोन्ही ३.३ च्या बरेच वर, आणि वृद्धांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला त्यात नवल वाटणार नाही. आकडा छापल्यावर लेखकांनी संशयिताचे नाव घेऊन त्याची ताकद मोजून दाखवायला हवी. ते केलेले नसेल, तर ई-व्हॅल्यू म्हणजे फक्त एक जास्तीचा रकाना आहे.

रिकाम्या पारड्याच्या परीक्षेवरही आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. साथीआधीचा काळ आणि साथीचा काळ यांतला पूर्वग्रह सारखाच असतो असे कशावरून? सारखा नसतोच. मरणासन्न माणसे पहिल्या काही आठवड्यांत जातात, त्यामुळे न घेतलेल्यांचा गट हळूहळू बाकीच्यांसारखा होत जातो. ०.३९, ०.५६, ०.७४ ही उतरंड काही अंशी त्याचीच आहे. म्हणून ६१ मधून ४४ वजा करून ‘लस उलट अपायच करते’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, आणि तसा तो कोणी काढू नये. ही परीक्षा पूर्वग्रह आहे की नाही हे सांगते. तो ऐन साथीत नेमका किती होता, हे ती एकटी सांगू शकत नाही. याच उतरंडीतून दुसरा धडाही मिळतो. रिकामी पारडी कोणत्या दिवशी धरायची हेही महत्त्वाचे आहे. साथ संपून बराच काळ लोटल्यावरच्या उन्हाळ्यात तपासले, तर पूर्वग्रह तोवर बराच विरलेला असतो आणि परीक्षा सहज पास होते. परीक्षा जिथे सर्वांत कठीण असते तिथे ती घेतली आहे की सर्वांत सोपी असते तिथे, हे संशयी वाचकाने पाहावे. आणि परीक्षा पास झाली तरी प्रमाणपत्र मिळत नाही. माणसे थोडी असतील तर ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक दिसण्याइतकी माहिती नव्हती’ एवढाच असू शकतो.

आणखी एक आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. मग सूत्रे बदलून, गट बदलून, घटक वाढवून-घटवून पाहण्याच्या नेहमीच्या तपासण्या अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. संशय जर विश्लेषकाच्या मर्जीबद्दल असेल, तर त्याच तपासण्या कामाच्या ठरतात. फुटबॉलचे पंच गडद वर्णाच्या खेळाडूंना जास्त लाल कार्ड दाखवतात का, या प्रश्नावर एकच माहितीसंच २९ स्वतंत्र गटांना देण्यात आला. हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गटांची उत्तरे ०.८९ पासून २.९३ पर्यंत पसरली. वीस गटांना संबंध लक्षणीय वाटला, नऊंना नाही. त्यांपैकी एकाच गटाने लेख लिहिला असता, तर त्याचा आकडा अंतिम सत्यासारखा छापला गेला असता. तेव्हा सूत्र बदलल्याने निकाल किती हलतो हे कळणे आवश्यक आहे. पण इथे २९ वाटा २९ वेगळ्या गटांनी निवडल्या होत्या. लेखकाने स्वतः बारा वाटा निवडल्या, निकाल पाहून निवडल्या, आणि बाराही एकाच मुक्कामाला पोचल्या, तर त्यातून लेखकाची निवड कळते. कोणत्या तपासण्या करणार याची यादी माहिती हाती येण्याआधी जाहीर केलेली असेल, किंवा ती विरोधी मताच्या अभ्यासकाने सुचवलेली असेल, तर गोष्ट वेगळी. आणि या २९ गटांनाही एक मर्यादा होतीच. माहितीसंचातच खोट असती तर सगळ्यांचे उत्तर एकत्र चुकले असते, जसे निकोल यांचे अठरा गट एकत्र झुकले.

मार्क लिपसिच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रिकाम्या पारड्याच्या या कल्पनेला ‘निगेटिव्ह कंट्रोल’ या नावाने नीट मांडले, आणि त्यात जॅक्सन यांचा अभ्यास उदाहरण म्हणून घेतला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. जिथे परिणाम दिसता कामा नये अशी एक नळी ते प्रत्येक प्रयोगात ठेवतात, आणि त्या नळीचा रंग बदलला तर त्या दिवसाचा प्रयोग टाकून देतात. माणसांच्या नोंदींवर काम करणाऱ्यांत ही सवय उशिरा आली, आणि अजून सर्वत्र आलेली नाही. एक कारण सरळ आहे. ही तपासणी नापास होऊ शकते, आणि नापास झाली तर लेख राहत नाही. वयोगटांचे कोष्टक कधी कोणाचा लेख बुडवत नाही.

आता लसीचे काय? वाचकाला इथवर येऊन ती निरुपयोगी आहे असे वाटले असेल, तर ते बरोबर नाही. नेदरलँड्समध्ये साठीपुढच्या १,८३८ जणांना चिठ्ठ्या टाकून लस किंवा नकली सुई दिली गेली. १९९४ मध्ये त्याचा निकाल आला, आणि रक्ततपासणीने सिद्ध झालेला फ्लू लस घेतलेल्यांत निम्म्यावर आला होता. तिथे खंगलेले आणि धडधाकट दोन्ही गटांत चिठ्ठीने वाटले गेले होते, म्हणून त्या निम्म्याला वजन आहे. मृत्यूंच्या बाबतीत एवढी माणसे पुरत नाहीत. तिथे ब्रूस फायरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर संस्थेच्या नऊ हिवाळ्यांच्या नोंदींवर जॅक्सन यांच्याच युक्तीचा पुढचा टप्पा वापरला. साथ नसतानाचा फरक हा पूर्वग्रहाचा पाया धरायचा, आणि साथ आल्यावर त्यापेक्षा फरक किती वाढतो तेवढाच लसीला द्यायचा, असा हिशेब. त्यांना साथीच्या काळातल्या एकूण मृत्यूंत ४.६ टक्के घट मिळाली. हा आकडा सिमोन्सेन यांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतो, नेदरलँड्सच्या प्रयोगाशी विसंगत नाही, आणि फ्लूने होऊ शकणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे टळले असे सांगतो. वृद्धांनी लस घ्यावी यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे. ४८ टक्क्यांचा आकडा मात्र लसीच्या खात्यावर मांडता येत नाही. त्याचा फार मोठा भाग लस घ्यायला कोण येऊ शकले, याचा आहे.